पुढे ढकललेला सोमवार

जावई माणसानं सुट्टीच्या दिवशी दहा वाजेपर्यंत लोळावं, याला जिजीची हरकत नव्हती. हरकत होती ती लोळत लोळत घर चालवण्याला. गादीवर आडवं पडून, पोटावर फोन ठेवून, अंगठ्यानं वर-खाली करत हा माणूस अख्ख्या घराचा कारभार हाकायचा आणि वर म्हणायचा, "जिजी, तुम्ही काळजीच करू नका, सगळं फोनमध्ये आहे."

सगळं म्हणजे खरोखर सगळं. कचऱ्याची गाडी कधी येते, टाकी कधी भरायची, कुंड्यांना पाणी कधी घालायचं, विजेचं बिल, गॅसचा नंबर. आणि आबांचं डायलिसिस. सोमवार, बुधवार, शुक्रवार. आबा म्हणजे जिजीचे यजमान. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही मूत्रपिंडांनी राजीनामा दिला, तेव्हापासून आठवड्यातून तीनदा खुर्चीत बसून अंगातलं रक्त मशीनमधून फिरवून आणायचं, हा त्यांचा धंदा झाला होता.

आधी जिजीच हे सगळं डोक्यात ठेवायची. लेक आणि जावई राहायला आले आणि जावयानं एका दुपारी बसून तिच्या डोक्यातलं सगळं फोनमध्ये ओतून घेतलं. "आता डोकं मोकळं ठेवा," म्हणाला. जिजीला ते लागलं होतं. तिचं डोकं काही माळ्यावरची ट्रंक नव्हती, की कुणीही यावं आणि मोकळं करावं. पण जावई पडला. लेकीचा नवरा. त्याच्याशी बोलताना तोंडात 'तुम्ही' ठेवावं लागतं, आणि 'तुम्ही' म्हणून शिव्या देता येत नाहीत. जिजीनं त्यावर बराच सराव केला होता, तरी पाहिजे तशी धार यायची नाही.

खरं सांगायचं तर त्या फोननं तिला एकदा गार केलं होतं. मागच्या सुट्टीला कचऱ्याची गाडी येणार नव्हती, तर फोन त्या दिवशी गप्प बसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर वाजला. गाडीही त्याच दिवशी आली. शेजारीण आदल्या दिवशी डबा बाहेर ठेवून बसली होती, कुत्र्यांनी अंगणभर पसारा केला. जिजी दारात उभी राहून तिला म्हणाली होती, "आमच्याकडे फोनला कळतं सुट्टी आहे ते." जावयानं ते आतून ऐकलं. तेव्हापासून त्याची मान जरा जास्तच ताठ झाली होती.

त्या रविवारी लेक घरी नव्हती, कंपनीच्या कामाला बाहेरगावी गेली होती, बुधवारी येणार होती. सोमवारी मोठी सुट्टी होती. रस्ते शांत, दुकानं अर्धी बंद. जिजीनं नेहमीप्रमाणे आबांना काट्यावर उभं केलं. वजन हा आबांच्या दुखण्याचा खरा बोलका साक्षीदार. लघवी होत नाही, म्हणजे पोटात गेलेलं पाणी अंगातच राहतं, आणि ते काट्यावर दिसतं.

काट्याकडे बघून जिजीच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काल कुणी पाणी पाजलं तुम्हाला?"

"कुणी नाही," आबा म्हणाले. मग जरा वेळानं, "कलिंगड खाल्लं थोडं."

"थोडं म्हणजे?"

"फोडी होत्या."

जिजीनं खाली वाकून त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. रात्री दोन उशा घेऊन झोपले होते, तेही तिला आता आठवलं. शुक्रवार ते सोमवार ही मुदत आबांना तशीही जड जायची. आठवड्यातला तोच सगळ्यात लांब पल्ला. पण उद्या सोमवार होता, उद्या सुटका होती. ती आतल्या खोलीच्या दारात गेली.

"जावईबापू, उद्या किती वाजता निघायचं? सुट्टीचा दिवस, गाड्या कमी असतील."

जावयानं गादीवरूनच फोन वर धरला. "उद्या नाही जिजी. उद्या सेंटर बंद आहे. मंगळवारी आहे. बघा, फोननं आपोआप पुढे सरकवलंय. मला काही करायलाच लागलं नाही."

"कुठे सरकवलंय?"

"मंगळवारी. सुट्टी आली की पुढच्या कामाच्या दिवशी. कचऱ्याचं नाही का झालं?"

जिजी शाळेत फार गेली नव्हती. पण बोटांवर मोजायला शाळा लागत नाही. शुक्रवारी झालं. शनिवार, रविवार, सोमवार. आणि मंगळवारी. तिनं बोटं मिटली आणि परत उघडली.

"चार दिवस?"

"एकच दिवस जास्त ना. सेंटर बंद म्हटल्यावर काय करणार? त्यांनाही सुट्टी असते."

"त्यांना असेल," जिजी म्हणाली. "आबांच्या पायाला दिलीय का सुट्टी कुणी? या, बघून जा पाय."

जावई उठून बसला, पण आला नाही. एवढं गंभीर काही असेल असं त्याला वाटलं नाही, आणि पाय बघून आपल्याला काय कळणार, असंही वाटलं असावं. "जिजी, तुम्हीच म्हणाला होतात, सुट्टीच्या दिवशी ते टुणटुण बंद करा म्हणून. मी फोनमधल्या सगळ्या आठवणींना तोच नियम लावला. एकदम."

"मी माझ्या झोपेबद्दल म्हणाले होते, त्यांच्या रक्ताबद्दल नाही!"

यानंतर जिजीनं वाद थांबवला. वाद हा तिला आवडणारा प्रकार होता, पण काम उभं असताना ती तो करत नसे. सेंटरला फोन लावला. वाजून वाजून थकला. मग तिनं शिवणवालीला फोन लावला. शिवणवालीचे सासरे आबांच्या शेजारच्या खुर्चीवर असायचे. सोमवार-बुधवार-शुक्रवार, तीच वेळ. बाहेरच्या बाकावर दोघी दोन वर्षं बसून एकमेकींच्या घरातलं सगळं जाणून होत्या.

शिवणवालीनं लगेच उचलला. मागे मशीनची पिपपिप ऐकू येत होती.

"अहो जिजी, कुठे आहात? आज आला नाहीत ते? आबांची खुर्ची रिकामी राहिली की!"

जिजीच्या तोंडचं पाणी पळालं. "आज? आज रविवार ना गं?"

"म्हणून तर! उद्याच्या सुट्टीचं आज घेतलंय त्यांनी. खास उघडलंय. सोमवारवाले सगळे आज आलेत. तुम्हाला निरोप नाही आला?"

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी मंगळवारवाले. एकही मशीन मोकळं नसतं, तुम्हाला माहीत नाही का? आज चुकलं की बुधवारच."

जिजीनं फोन ठेवला. बुधवार. आणि जावई मंगळवारी आबांना घेऊन गेला असता, दारातून परत आला असता, आणि फोनला दोष देत घरी बसला असता. किंवा तोपर्यंत आबा दोन उशांवरून तीन उशांवर, आणि तीन उशांवरून कुठे, याचा विचार जिजीनं केला नाही. विचार करायला वेळ लागतो.

"उठा!" ती ओरडली. "गाडी काढा! पायजमा बदलू नका, तसेच चला!"

जावयानं पायजमा बदललाच, पण उलटा सदरा घालून आला. आबांना दोघांनी धरून गाडीत बसवलं. जिजीनं त्यांची नेहमीची पिशवी घेतली, त्यात पांघरूण, चष्मा, कागदांची फाइल, बिस्किटाचा पुडा. गाडी सुटली तेव्हा आबांनी जरा घसा खाकरला.

"शुक्रवारी सिस्टर काहीतरी म्हणाली होती."

जिजी मागे वळली. "काय म्हणाली?"

"रविवारी या, असं काहीतरी. मी म्हटलं, फोनमध्ये येईलच."

शुक्रवारी जिजी दाढ काढायला गेली होती. दोन वर्षांत एकदाच बाकावर नव्हती, तर हे असं. "फोनमध्ये येईलच!" ती म्हणाली. "तोंड कशाला दिलंय देवानं? कलिंगड खायला?"

"तू चिडशील म्हणून नाही बोललो," आबा म्हणाले, आणि दम लागल्यामुळे गप्प बसले. जिजीला आता त्यांच्यावर चिडताही येईना. तिनं काच खाली केली, म्हणजे वारा लागेल.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा जावयानं फोन काढला. सेंटरचा मेसेज त्यानं गेल्या मंगळवारी बघितला होता, हे त्याला पक्कं आठवत होतं. वर आलेल्या पट्टीत फक्त पहिली ओळ दिसली होती: 'सोमवारी सुट्टीनिमित्त केंद्र बंद राहील.' त्यानं मनात म्हटलं होतं, आपल्या फोनला आधीच कळलंय, आणि पट्टी बोटानं बाजूला सारली होती. आता त्यानं मेसेज पूर्ण उघडला. खाली दुसरी ओळ होती: 'सोमवारच्या रुग्णांनी रविवारी आपल्या नेहमीच्या वेळी यावे.'

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. जावई हलला नाही. जिजीनं त्याच्या खांद्यावर बोट टोचलं. "हिरवा झालाय." मग त्याचा चेहरा बघून, "काय झालं?"

त्यानं फोन तिच्यापुढे धरला. जिजीनं अक्षरं जुळवत ती ओळ वाचली. तिला वेळ लागला, पण वाचली. बोलण्यासारखं बरंच होतं, ते तिनं गिळून पोटात ठेवलं. "गाडी चालवा," एवढंच म्हणाली.

सेंटरच्या दारात शिवणवाली उभीच होती. आबांना चाकाच्या खुर्चीत घातलं. जावई गाडीशीच थांबला. तो कधीच आत येत नसे. रक्ताच्या त्या पारदर्शक नळ्या त्यानं पहिल्या दिवशी पाहिल्या आणि बाहेर येऊन भिंतीला टेकला होता. तेव्हापासून आणायचं, सोडायचं आणि गाडीत बसून फोन बघायचा, असा त्याचा नेम. जिजी कधी त्यावरून त्याला बोलली नव्हती. बऱ्याच जणांना होतं तसं.

आत मोठ्या सिस्टर होत्या. सकाळची पाळी संपत आली होती, दुपारची खुर्च्यांवर चढत होती. सिस्टरांनी आबांकडे बघितलं आणि हात कपाळाला लावला.

"अहो, सकाळी तीनदा फोन केला तुमच्या घरी! उचलला नाही कुणी."

सेंटरकडे नंबर होता तो जावयाचा. रविवारी अनोळखी नंबर वाजू नयेत अशी सोय त्यानं करून ठेवली होती, हे नंतर कळलं. जिजीनं तेव्हा फक्त एवढंच विचारलं, "आता काय?"

"आता तुमची पाळी गेली. दुपारच्या सगळ्या खुर्च्या भरल्यात. आज संध्याकाळी सात वाजता बंद करायचं, उद्या माझ्या पोरींना सुट्टी आहे. त्यांनी आज रविवार असून काम केलंय." सिस्टर वाईट नव्हत्या, फक्त दमलेल्या होत्या. "शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात न्या."

"तिथे किती वेळ बसवतील?"

सिस्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दोघींनाही माहीत होतं.

जिजीनं पदर कमरेला खोचला. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. तिला ओळखणारी माणसं या आवाजाला जास्त घाबरायची.

"बाई, मी भांडायला आले नाही. चूक आमच्या घरची आहे, तुमची नाही. तुम्ही निरोप दिला, जावईबापूंनी वाचला नाही. तुम्ही आबांना सांगितलं, त्यांनी गिळलं. मी इथे बाकावर बसते. खुर्ची मिळाली तर बोलवा. नाही मिळाली तर सात वाजता मला स्वतःच्या हातानं बाहेर काढा, आणि कुलूप लावा. पण तोपर्यंत मी हलत नाही. आधी यांचं वजन तर करा."

सिस्टरांनी वजन केलं. आबांच्या छातीवर नळी लावून ऐकलं. मग त्यांचा चेहरा बदलला आणि त्या आत गेल्या, डॉक्टरांना फोन लावायला.

जिजी बाकावर बसली. शिवणवालीनं तिच्या हातात डबीतली लवंग ठेवली. "दाढेला," म्हणाली. दाढेचं बोलणं बुधवारी बाकावर झालं होतं. जिजीनं लवंग दाताखाली धरली. बाहेर काचेतून गाडी दिसत होती. जावई आत बसला होता, फोन हातात होता, पण बघत नव्हता.

शिवणवाली आत जाऊन किती वेळ राहिलाय ते सासऱ्यांना विचारून आली, आणि सिस्टरांशी काहीतरी बोलली. जिजीला वाटलं, निघायची घाई असेल. तेवढ्यात सिस्टर दारात आल्या.

"यांच्या सासऱ्यांचं दहा मिनिटांत संपतंय. ते मशीन धुऊन परत तयार करायला वेळ लागतो, पण होईल. दुपारचा माणूस त्या मशीनवर नाही, दुपारी ते आम्ही अडचणीसाठी मोकळं ठेवतो. पूर्ण चार तास नाही मिळणार. डॉक्टर म्हणाले, तीन तास करा, पाणी हळूहळू काढा, बुधवारी पूर्ण. आणि तोपर्यंत पाणी, फळं मोजून. चालेल?"

"चालेल काय, धावेल," जिजी म्हणाली. मग तिनं विचारलं, "मोकळं मशीन होतं तर आधी का नाही म्हणालात?"

"डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय मला देता येत नाही," सिस्टर म्हणाल्या. "आणि तुम्ही बसला नसता, तर मी त्यांना सुट्टीच्या दिवशी फोनही केला नसता. खरं सांगते."

आबांना आत नेलं. सुई लागली, नळ्या लाल झाल्या. आबांनी डोळे मिटले. अर्ध्या तासानं त्यांचा श्वास संथ झाला, ते जिजीला काचेबाहेरूनही कळलं.

तेव्हा ती बाहेर गाडीशी गेली. जावयानं दार उघडलं आणि उतरून उभा राहिला. सदरा अजून उलटाच होता.

"सुरू झालं," जिजी म्हणाली. "दाखवा आता. कुठे काय बिघडलंय त्या यंत्रात."

त्यानं दाखवलं. यंत्रात काही बिघडलं नव्हतं. त्यानं त्याच्या ऑफिसच्या सुट्ट्यांची यादी फोनला दिली होती आणि सगळ्या आठवणींना एकच नियम: सुट्टी आली की पुढच्या कामाच्या दिवशी. फोननं सांगितलं तसंच केलं होतं. प्रत्येक आठवणीला वेगळं काही निवडता येत होतं: सुट्टीला गाळा, पुढे न्या, आधी आणा, किंवा आहे तिथेच ठेवा. तो कधी तिथे गेलाच नव्हता. कुंड्यांना सुट्टीला गाळलं तरी चालतं, कचऱ्याच्या गाडीला पुढे न्यावंच लागतं.

"मग हे आधी आणा करा," जिजी म्हणाली.

"करतो." त्यानं अंगठा टेकला, मग थांबला. "पण नाही जिजी. या वेळी त्यांनी आधी आणलं. पुढच्या वेळी सुट्टी बुधवारी आली तर मंगळवारी आणतील की गुरुवारी, हे मला माहीत नाही. तेही सेंटरच ठरवणार. फोनला मी काहीही सांगितलं तरी तो अंदाजच."

जिजीनं त्याच्याकडे नीट बघितलं. गेल्या दोन तासांत त्यानं बोललेलं हे पहिलं अकलेचं वाक्य होतं.

"मग?"

"मग याला आहे तिथेच ठेवायचं. सुट्टी असो नसो, वाजेल. आणि सुट्टीच्या चार दिवस आधी दुसरी एक आठवण: सेंटरला फोन करून विचारा, कधी यायचं. तिथला फोन कोण उचलतं तेही विचारून घ्यायचं. आणि सेंटरचा नंबर कधीच बंद राहणार नाही असा करायचा." तो करत गेला. "आणि निरोप तुमच्या फोनवरही जाईल, सिस्टरांना तुमचा नंबर देतो."

"माझा देऊ नका. मी वाचायला वेळ लावते."

"तुम्ही शेवटपर्यंत वाचता," जावई म्हणाला.

तो रडवेला झाला होता, आणि रडवेला जावई हा तिला अजिबात आवडणारा प्रकार नव्हता. काचेतून आत आबा दिसत होते. त्यांनी डोळे उघडले होते आणि दाराकडे बघत होते, कुणी तरी येईल म्हणून.

"जावईबापू," जिजी म्हणाली, आणि आवाज एवढा मोठा केला, की बाकावरच्या शिवणवालीनं मान वळवली. "ऐका. तुम्ही वाईट माणूस नाही. आळशीही नाही, आळशी माणूस चूक करायला एवढे कष्ट घेत नाही. पण ज्या माणसाचं रक्त तुम्ही फोनवर सरकवलंत, त्याच्या खुर्चीशेजारी तुम्ही एकदाही बसला नाहीत. म्हणून तुम्हाला एक दिवस म्हणजे एक दिवस वाटला. बुधवारी मी घरी राहणार. तुम्ही आत यायचं, त्यांच्याशेजारी बसायचं, पहिल्या सुईपासून शेवटच्या पट्टीपर्यंत. भोवळ आली तर सिस्टरांना सांगा, त्या धरतील. पण गाडीत बसायचं नाही. आणि आधी तो सदरा सरळ करा, आत चला. आबा बघताहेत."